अमेरिकेत आल्यावर पुण्याच्या बँकेतील ठेवींच्या व्याजावर दोन्हीकडे कर: माझा हिशेब कुठे चुकला?

मुळामुठा_एडिसन

नमस्कार. मी २ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्याहून न्यू जर्सीला नोकरीसाठी आलो. व्हिसा एच-१बी असून मी अविवाहित आहे. येताना पुण्यातील एका बँकेत माझ्या ४० लाख रुपयांच्या मुदतठेवी होत्या. व्याजदर ७ टक्के असून व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा होते. परदेशी गेल्यावर खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या प्रकारचे, करावे लागते हे मला उशिरा कळले, आणि एप्रिल २०२४ मध्ये मी ते करून घेतले.

त्यानंतर जूनअखेरीस खात्यात ७०,००० ऐवजी ४८,१६० रुपये आले. विचारल्यावर बँकेने सांगितले की अनिवासी असल्यामुळे ३१.२ टक्के टीडीएस कापला आहे. सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या तिमाहींतही तेवढेच कापले गेले. मार्च २०२४ च्या तिमाहीत मात्र, खाते अजून जुन्याच प्रकारचे असल्याने, १० टक्के म्हणजे ७,००० रुपयेच कापले होते.

एप्रिल २०२५ मध्ये २०२४ या वर्षाचे अमेरिकेचे विवरणपत्र भरताना मी खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम, म्हणजे २,०७,४८० रुपये, व्याजाचे उत्पन्न म्हणून दाखवली आणि भारतात कापलेल्या ७२,५२० रुपयांची वजावट फॉर्म १११६ भरून मागितली. सॉफ्टवेअरने ती मान्य केली, त्या व्याजावरचा इथला कर शून्य झाला आणि काही वजावट पुढील वर्षासाठी शिल्लक राहिली. गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने हे चूक असल्याचे सांगितले, पण काय चूक आहे ते त्याला नीट सांगता आले नाही. भारतात एवढा मोठा कर कापला गेल्यावर इथे पुन्हा भरावा लागतो का?

कोरा_कागद

घाबरू नका. भारत आणि अमेरिका यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये हाच त्याचा हेतू आहे. तुमचा ३१.२ टक्के कर भारतात भरला गेला आहे आणि तो अमेरिकेतील तुमच्या दरापेक्षा जास्त आहे, त्यामुळे इथे काही देणे उरत नाही. मी गेली सहा वर्षे असेच करतो आणि मला कधी नोटीस आलेली नाही. भारतात विवरणपत्र भरण्याचीही गरज नाही, कारण कर आधीच कापलेला असतो.

जमाखर्च

मी नाशिकला दहा वर्षे सनदी लेखापाल म्हणून काम केले आणि आता इथे कर सल्लागारांच्या कार्यालयात आहे. कोरा_कागद यांचे कराराबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, आणि याच ठिकाणी अनेकांचे नुकसान होते. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

टीडीएस म्हणजे तुमचा कर नव्हे. ती बँकेने सरकारकडे आगाऊ ठेवलेली रक्कम आहे. खरा कर किती ते आर्थिक वर्ष संपल्यावर तुमच्या एकूण भारतीय उत्पन्नावरून ठरते. तुमचे २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे भारतातील उत्पन्न म्हणजे चार तिमाहींचे मिळून २,८०,००० रुपये व्याज. (बचत खात्याचे किरकोळ व्याज असेल तर ते यात मिळवा.) नव्या करव्यवस्थेत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नाही आणि ही मर्यादा अनिवासी व्यक्तीलाही मिळते. म्हणजे तुमचा भारतातील खरा कर शून्य आहे आणि त्या वर्षात कापलेले सगळे ८७,३६० रुपये तुम्हाला परत मिळू शकतात. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, आपोआप काहीही परत येत नाही.

आता अमेरिकेची बाजू. इथे परदेशी कराची वजावट मिळते ती फक्त तुम्ही खरोखर देणे लागत असलेल्या कराची. जी रक्कम तुम्ही मागून परत मिळवू शकता, ती इथल्या कायद्याच्या दृष्टीने कर नसून तुम्ही स्वखुशीने सोडून दिलेले पैसे ठरतात. परतावा मागितला नाही म्हणून ती रक्कम कर होत नाही. म्हणून ३१.२ टक्क्यांच्या आधारे मागितलेली वजावट टिकणार नाही. ‘आम्हाला भारतात जास्तच कापतात, त्यामुळे इथे द्यावे लागत नाही’ असे म्हणणारे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात, कारण भारतात परत मिळणारे पैसे ते सोडून देतात आणि इथे देय असलेला कर भरत नाहीत.

दुसरी चूक अगदी स्पष्ट आहे. तुम्ही उत्पन्न म्हणून खात्यात आलेले ४८,१६० धरले. उत्पन्न ७०,००० आहे, कारण कापलेली रक्कम तुमच्याच नावावर सरकारकडे जमा झाली. दाखवायला हवे होते २,८०,००० आणि दाखवले २,०७,४८०. वर कापलेल्या रकमेची वजावटही घेतली, म्हणजे ७२,५२० रुपये दोन ठिकाणी वापरले गेले.

शरयू_१२

माझ्या भावाचे असेच झाले आहे. त्याच्या आणि आईच्या संयुक्त नावाने मुदतठेव आहे. कर कापू नये म्हणून आईने बँकेत १५एच दिला होता, तरीही बँकेने ३१.२ टक्के कापले. म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेला हा फॉर्म आता चालत नाही का? मूळ धागाकर्त्यांनीही १५एच दिला असता तर कपात टळली असती, असे मला वाटते.

सांगलीचा_निवृत्त_बँककर्मी

शरयूताई, मी एका सहकारी बँकेत एकतीस वर्षे काम केले, त्यामुळे या प्रश्नाची सवय आहे. १५जी आणि १५एच हे फॉर्म फक्त निवासी व्यक्तींसाठी आहेत. अनिवासी माणसाने तो दिला तर बँकेने घेऊच नये, आणि चुकून घेतला तर पुढे त्रास ठेवीदारालाच होतो. मूळ धागाकर्ते ज्येष्ठ नागरिकही नाहीत आणि निवासीही नाहीत, म्हणून त्यांना त्याचा उपयोग नाही.

तुमच्या भावाच्या ठेवीत पहिले नाव कोणाचे आहे ते बघा. बँक कर कापते तो पहिल्या नावाच्या माणसाच्या पॅनवर. मुलगा पहिला आणि आई दुसरी असेल तर आईचा फॉर्म कितीही बरोबर असला तरी तो त्या ठेवीला लागू होत नाही. पैसे खरोखर आईचे असतील, म्हणजे तिच्या निवृत्तिवेतनातून किंवा घर विकून आलेले असतील, तर व्याजही आईचेच उत्पन्न आहे. मग पुढील ठेव आईच्या पहिल्या नावाने करा. या वर्षीची कपात आईच्या पॅनवर दाखवावी यासाठी बँकेला लेखी घोषणापत्र देता येते. बँका ते करायला कुरकुर करतात, पण नियमात त्याची सोय आहे.

आणखी एक गोष्ट सर्वांसाठी लिहितो. आपले खाते बँकेच्या नोंदीत कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखण्याची सोपी खूण आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील २६एएस या पत्रकात असते. कपातीसमोर कलम १९४ए दिसले तर बँक तुम्हाला निवासी समजते आहे. कलम १९५ दिसले तर अनिवासी. परदेशी जाऊन दोन वर्षे झाली तरी १९४ए दिसत असेल तर खाते बदललेलेच नाही, असे समजा. कपात कमी होते म्हणून लोक खाते तसेच ठेवतात. ते करू नये, कारण नोकरीसाठी देश सोडल्यावर साधे निवासी खाते तसेच चालवणे परकीय चलनविषयक नियमांना धरून नाही.

वाळवंटातला_कोकणी

मी दुबईत आहे. इथे वैयक्तिक उत्पन्नावर कर नसल्यामुळे दुसऱ्या बाजूचा प्रश्नच येत नाही. मी एनआरओमधील पैसे हळूहळू एनआरईमध्ये नेले, आणि एनआरईचे व्याज पूर्णपणे करमुक्त असते. मुळामुठा यांनीही तसेच करावे, म्हणजे कराचा प्रश्नच संपेल.

जमाखर्च

तुमच्यासाठी ते पूर्ण खरे आहे, मुळामुठा यांच्यासाठी अर्धेच. एनआरईचे व्याज भारतात करमुक्त आहे. पण अमेरिका इथल्या कर-निवासी व्यक्तीच्या जगभरातील उत्पन्नावर कर लावते, आणि भारताने दिलेली सूट इथे लागू होत नाही. एनआरई ठेवीचे व्याज इथल्या विवरणपत्रात पूर्ण दाखवावे लागते आणि भारतात कर नसल्याने वजावट म्हणून काहीच मिळत नाही. ‘एनआरई म्हणजे करमुक्त’ हे वाक्य आखाती देशांतून इथे आले आणि त्यापायी अनेकांनी वर्षानुवर्षे व्याज दाखवलेच नाही.

तरीही एनआरईमध्ये पैसे नेण्याचा सल्ला चांगला आहे, कारण वेगळे आहे. भारतातील कपात, परतावा आणि फॉर्म १११६ हे सगळे थांबते आणि फक्त इथे कर भरणे उरते. मात्र चालू ठेव मोडली तर बँक व्याज कमी करते, आणि एनआरई मुदतठेव एक वर्षापूर्वी मोडली तर व्याजच मिळत नाही. म्हणून ठेव मुदत संपल्यावरच हलवावी.

मुळामुठा_एडिसन

जमाखर्च ताई, मनापासून आभार. मला आता दोन्ही बाजू दिसू लागल्या आहेत. एक शंका आहे. करारात व्याजासाठी १५ टक्के दर आहे असे मी वाचले. मग मी अमेरिकेचा निवासी असल्याचा दाखला बँकेला दिला असता तर ३१.२ ऐवजी १५ टक्केच कापले गेले असते का? आणि तेवढ्या १५ टक्क्यांची वजावट तरी मला इथे मिळेल का?

जमाखर्च

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. इथल्या कर खात्याकडून निवासी असल्याचा दाखला घ्यायचा, तो फॉर्म ६१६६ असतो आणि त्यासाठी फॉर्म ८८०२ शुल्कासह भरावा लागतो. शिवाय भारताच्या आयकर संकेतस्थळावर फॉर्म १०एफ ऑनलाइन भरून दोन्ही बँकेला द्यायचे. मग बँक १५ टक्के कापते, वर अधिभार किंवा उपकर न लावता. दाखला दर वर्षी नवा लागतो आणि तो यायला बराच वेळ जातो, म्हणून तिमाहीच्या आधी अर्ज करावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही. कराराचा १५ टक्के दर ही भारताने घ्यायची कमाल मर्यादा आहे, तुम्ही द्यायची किमान रक्कम नव्हे. भारतातील नेहमीच्या टप्प्यांनुसार कर १५ टक्क्यांपेक्षा कमी येत असेल तर तुम्ही तो कमीच देणे लागता. २०२४-२५ च्या नव्या व्यवस्थेत फक्त व्याजाचे उत्पन्न असलेल्या अनिवासी माणसाचा सरासरी कर १५ टक्क्यांवर जायला सुमारे २० लाख रुपये व्याज लागते. ९ लाख व्याज असलेल्या माणसाचा कर उपकरासह ४१,६०० रुपये होतो, म्हणजे पाच टक्केही नाही. तुमच्या बाबतीत तो शून्य आहे. एवढे मात्र लक्षात ठेवा की जुनी व्यवस्था निवडली तर तुम्हाला १,५६० रुपये कर येईल, कारण तिथे मर्यादा अडीच लाख आहे आणि निवासी लोकांना मिळणारी कलम ८७ए ची सवलत अनिवासींना मिळत नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर पुढील गोष्टी या क्रमाने केल्या असत्या. आधी भारताचे विवरणपत्र भरा. आयटीआर-१ अनिवासींसाठी नाही, आयटीआर-२ घ्या आणि निवासस्थितीच्या रकान्यात अनिवासी निवडा. २०२४-२५ साठीची मुदत १५ सप्टेंबर २०२५ आहे. परताव्यासाठी तुमचे एनआरओ खाते संकेतस्थळावर आधी प्रमाणित करून ठेवा आणि भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करा. भारतातील मोबाइल क्रमांक बंद केला असेल तर आधारचा संकेतांक येणार नाही, म्हणून बँकेच्या नेटबँकिंगमधून पडताळणी करण्याची तयारी ठेवा. मी पाहिलेल्या प्रकरणांत विवरणपत्र बरोबर असूनही परतावा अडकण्याचे हे सर्वात नेहमीचे कारण होते.

त्यानंतर अमेरिकेचे दुरुस्त विवरणपत्र, फॉर्म १०४०-एक्स. इथे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि भारतातील बँकेचे व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे असते, त्यामुळे ते जसेच्या तसे वापरू नका. खाते उतारा घेऊन मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर २०२४ या चार नोंदी कापण्यापूर्वीच्या रकमेने मांडा. तुमच्या बाबतीत बेरीज योगायोगाने सारखीच येते, २,८०,०००. वर्षाच्या सरासरी दराने, साधारण ८३.७ रुपये धरले तर, हे सुमारे ३,३४५ डॉलर होतात. तुमचा वरचा दर २२ टक्के असेल तर केंद्रीय कर सुमारे ७३६ डॉलर. न्यू जर्सी राज्याचा कर वेगळा, आणि परदेशी कराची वजावट हे राज्य देत नाही. थोडे व्याजही द्यावे लागेल. पण भारतातून ८७,३६० रुपये परत येतील, तेव्हा एकूण हिशेब तुमच्या बाजूनेच आहे.

कोरा_कागद

मी माझे म्हणणे मागे घेतो. माझ्या सहा वर्षांत व्याज साधारण दीड ते दोन लाख होते आणि मी भारतात एकदाही विवरणपत्र भरले नाही. म्हणजे ती सगळी कपात गेली का? आणि इथे घेतलेल्या वजावटीचे काय?

जमाखर्च

जुन्या वर्षांचा परतावा नेहमीच्या मार्गाने आता मागता येत नाही. उशिराने भरता येणारे अद्ययावत विवरणपत्र परताव्यासाठी वापरता येत नाही, ते फक्त जास्तीचा कर भरण्यासाठी आहे. विलंब माफ करण्याचा अर्ज आयकर खात्याकडे करता येतो, पण ठोस कारण लागते आणि मंजुरी अधिकाऱ्यांच्या हातात असते. इथल्या मागील वर्षांची दुरुस्ती मात्र टाळू नका, आणि ती कोणत्या मार्गाने करायची हे कोणा जाणकाराला कागद दाखवूनच ठरवा. मी इथे एका ओळीत सांगणे योग्य नाही.

सांगलीचा_निवृत्त_बँककर्मी

मुळामुठा, एक गोष्ट राहिली. मार्च २०२४ च्या तिमाहीतील ७,००० रुपयांचे काय? ते २०२३-२४ या आर्थिक वर्षातील आहेत. त्या वर्षी एप्रिल ते जुलैचा पगारही भारतातच होता, म्हणजे तेव्हा तुमचा कर शून्य नसणार. मग त्या ७,००० ची वजावट अमेरिकेत मिळायला हवी, असे माझे मत आहे.

मुळामुठा_एडिसन

काका, बरोबर. त्या वर्षी माझे चार महिन्यांचे उत्पन्न व्याजासह साधारण साडेआठ लाख होते आणि मी आयटीआर-१ मध्ये निवासी म्हणून विवरणपत्र भरले होते. २ ऑगस्टपर्यंत भारतात १२४ दिवसच झाले होते, हे आता लक्षात येते.

जमाखर्च

नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी १८२ दिवसांची मर्यादा लागू होते, म्हणजे तुम्ही २०२३-२४ मध्येच अनिवासी होता. निवासस्थिती चुकली, पण साडेआठ लाखांवर कराची रक्कम बदलत नसेल तर भारतात फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत ७,००० पैकी किती वजावट मिळेल हा खरा प्रश्न आहे. काका म्हणतात त्याप्रमाणे काही भाग मिळायला हवा. पण त्या वर्षाचा भारतीय कर पगार आणि व्याज यांत विभागला तर व्याजाच्या वाट्याला ७,००० पेक्षा कमी येऊ शकतो, आणि मग तेवढाच मोजावा लागेल. माझ्या कार्यालयात यावर दोन मते आहेत. रक्कम ८४ डॉलरच्या आसपास आहे, म्हणून मी सुरक्षित बाजूने ती सोडून दिली असती.

सांगलीचा_निवृत्त_बँककर्मी

मी सोडणार नाही म्हणेन. कर देणे लागत होता आणि कापलाही गेला, तर तो मोजलाच पाहिजे.

शरयू_१२

माझ्या भावाला आईच्या संयुक्त ठेवीची माहिती अमेरिकेत द्यावी लागते का? पैसे त्याचे नाहीत.

जमाखर्च

व्याज त्याचे उत्पन्न नसले तरी खात्यावर नाव असल्याने एफबार या परदेशी खात्यांच्या माहितीपत्रकात खाते दाखवावे लागते, वर्षात कधीही त्याच्या सर्व परदेशी खात्यांची बेरीज १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर. संयुक्त खात्याची पूर्ण रक्कम धरतात, निम्मी नाही. हे फक्त माहिती देणे आहे, यात कर भरायचा नसतो. मुळामुठा, तुमच्या ४० लाखांमुळे तुम्हालाही ते लागू आहे. २०२४ साठी भरले नसेल तर १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेळ आहे.

मुळामुठा_एडिसन

एफबार भरलेले नव्हते, ते आज भरले. आयटीआर-२ काल रात्री सादर केला. २६एएस मध्ये चारही तिमाहींसमोर १९५ कलम आणि प्रत्येकी २१,८४० अशी नोंद आहे, आणि परताव्याच्या रकान्यात ८७,३६० आले. पडताळणी नेटबँकिंगमधून झाली. १०४०-एक्स चा मसुदा तयार आहे. त्यात मी सध्या त्या ७,००० ची वजावट घेतलेली नाही, पण काकांचे म्हणणे पटते आहे, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा विभागणी करून बघतो. आकडा आला की इथेच लिहीन.